हातउसनी पावती, वचनचिठ्ठी आणि कर्ज करारनामा : धनकोचे हित कशात?

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत नात्यागोत्यात किंवा शेजारधर्माने हातउसने पैसे देण्याची रीत जुनी आहे. मुलीचे लग्न, दुकानातील माल, घराचे अर्धवट राहिलेले बांधकाम अशा निमित्ताने ओळखीच्या माणसाला काही लाख रुपये दिले जातात. देताना लिखापढीचा संकोच वाटतो, आणि लिहिलेच तर एखाद्या वहीच्या पानावर चार ओळी लिहून घेतल्या जातात. परतफेड ठरल्याप्रमाणे झाली तर त्या चार ओळींची कोणालाच आठवण होत नाही. परतफेड थांबली, की मात्र धनकोचे सारे भवितव्य त्याच चार ओळींवर अवलंबून राहते.

अशा व्यवहारात तीन प्रकारचे कागद आढळतात : हातउसनी पावती, वचनचिठ्ठी म्हणजेच प्रॉमिसरी नोट, आणि कर्ज करारनामा. सामान्य समजुतीनुसार हे तिन्ही कागद एकच काम करतात आणि फरक केवळ लांबीरुंदीचा असतो. प्रत्यक्षात कायद्याने प्रत्येकाला वेगळे स्थान दिले आहे, प्रत्येकाचे मुद्रांक शुल्क वेगळे आहे आणि न्यायालयात प्रत्येकाचे वजनही वेगळे आहे.

एक उदाहरण

समजा, तात्यापारा भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने शेजारच्या तरुणाला विजेच्या सामानाच्या दुकानासाठी ३,००,००० रुपये दिले. तारीख १० जून २०२४. व्याज दरसाल १२ टक्के ठरले, म्हणजे वर्षाला ३६,००० आणि महिन्याला ३,००० रुपये. तरुण बाईंना ‘मावशी’ म्हणतो, दोन्ही घरांचे येणेजाणे आहे. पहिले काही महिने व्याज वेळेवर येते, मग थांबते. पुढे दुकान बंद होते आणि तरुण नागपूरला निघून जातो. मावशींच्या हाती कोणता कागद आहे, यावर पुढील सर्व गोष्टी ठरतात.

पहिला कागद : हातउसनी पावती

मावशींजवळच्या पावतीवर एवढेच लिहिलेले आहे, असे धरू : ‘आज दि. १० जून २०२४ रोजी मावशींकडून रुपये ३,००,००० मिळाले.’ खाली तरुणाची सही आहे.

ही पावती पैसे मिळाल्याचा पुरावा आहे. ते पैसे परत करावयाचे होते, याचा पुरावा मात्र ती नाही. उद्या तरुणाने लेखी कैफियतीत म्हटले, की हे पैसे त्याच्या वडिलांनी पूर्वी दिलेल्या रकमेची परतफेड होती, किंवा दुकानातील भागीदारीपोटी होते, तर पावतीतील एकही शब्द त्याला खोटे ठरवत नाही. रक्कम कर्ज म्हणूनच दिली होती, हे सिद्ध करण्याचे ओझे मावशींवर येते. व्याजाचाही उल्लेख नसल्याने १२ टक्क्यांचा ठराव तोंडीच राहतो. अशा वेळी १९७८ च्या व्याज अधिनियमाखाली लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज मागता येते. पण ते द्यावे की नाही आणि किती, हे न्यायालयाच्या मर्जीवर असते.

पावतीत ‘हातउसने’ किंवा ‘कर्जाऊ’ हा एक शब्द आला असता, तरी स्थिती बरीच सुधारली असती. मुद्रांकाच्या बाबतीत पावतीचे एक सुखही आहे. ५,००० रुपयांवरील पावतीला एक रुपयाचे महसूल तिकीट, म्हणजे रेव्हेन्यू स्टॅम्प, लागते. ते लावायचे राहून गेले, तरी भारतीय मुद्रांक अधिनियम, १८९९ च्या कलम ३५ नुसार एक रुपया दंड भरून ती पावती सही करणाऱ्याविरुद्ध पुराव्यात घेता येते.

पावती नकळत वचनचिठ्ठी होते तेव्हा

सर्वांत मोठी फसगत येथेच होते. पुष्कळदा सावध धनको पावतीत आणखी एक वाक्य घालून घेतो : ‘ही रक्कम आपण मागाल तेव्हा परत देईन.’ कागदाच्या माथ्यावर ‘पावती’ असेच लिहिलेले असते आणि तिकीट लावायचे कोणाच्या ध्यानात येत नाही. आपला कागद अधिक भक्कम झाला, असे धनकोला वाटते. प्रत्यक्षात त्या वाक्याने कागदाची जातच बदललेली असते.

परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम ४ नुसार, विशिष्ट रक्कम विशिष्ट व्यक्तीला किंवा तिच्या आदेशानुसार देण्याचे बिनशर्त लेखी वचन आणि त्याखाली वचन देणाऱ्याची सही, एवढे जमले की ती वचनचिठ्ठी होते. माथ्यावर काय लिहिले आहे, याला महत्त्व नाही. त्याच कलमाच्या उदाहरणांत ‘अमुक रकमेचा मी ऋणी आहे, ती मागणी होताच देय आहे’ अशा आशयाचा मजकूर वचनचिठ्ठी मानला आहे. नुसती ‘मी अमुक रक्कम देणे लागतो’ एवढी कबुली मात्र वचनचिठ्ठी मानलेली नाही.

मुद्रांक नसलेल्या वचनचिठ्ठीला कायदा क्षमा करीत नाही. पावतीची चूक एक रुपयात आणि करारनाम्याची चूक शुल्क व दंड भरून सुधारता येते. वचनचिठ्ठीला मात्र कलम ३५ मध्येच या सवलतीतून वगळले आहे. कितीही दंड भरण्याची तयारी दाखविली, तरी विनातिकीट वचनचिठ्ठी पुराव्यात येत नाही. त्या स्थितीत मूळ कर्जव्यवहाराच्या आधारे दावा करण्याचा प्रयत्न होतो. चिठ्ठीपूर्वीच कर्ज स्वतंत्रपणे पूर्ण झाले होते आणि चिठ्ठी केवळ त्याच्या फेडीसाठी किंवा तारणापोटी दिली होती, असे दाखविता आले तरच त्याला जागा असते. सारा करार त्या चिठ्ठीतच सामावलेला असेल, तर लेखी कराराऐवजी तोंडी पुरावा देण्यास पुराव्याचा कायदा आडवा येतो.

दुसरा कागद : वचनचिठ्ठी

आता तीच गोष्ट जाणीवपूर्वक आणि नीट केली, असे मानू. मावशींनी तिकीट लावून पुढील मजकूर घेतला :

‘रायपूर, दि. १० जून २०२४. आपणाकडून आज बँकेमार्फत मिळालेल्या रुपये ३,००,००० (अक्षरी रुपये तीन लाख फक्त) या रकमेच्या मोबदल्यात, सदर रक्कम दरसाल दरशेकडा १२ टक्के सरळव्याजासह, मागणी होताच, रायपूर येथे आपणास किंवा आपल्या आदेशानुसार देण्याचे मी वचन देतो.’

या चार ओळींतील प्रत्येक शब्दाला काम आहे. ‘वचन देतो’ या शब्दांनी कागद बिनशर्त होतो. ‘दुकान चालू लागल्यावर देईन’ असे लिहिले असते, तर शर्त आली असती आणि वचनचिठ्ठीच उरली नसती. रक्कम निश्चित हवी. ‘तीन लाख आणि पुढे जे काही घेईन ते’ असे लिहून चालत नाही. ‘मागणी होताच’ या शब्दांचा संबंध तिकिटाशी आहे. मागणी होताच देय असलेल्या वचनचिठ्ठीचे शुल्क नाममात्र असते आणि व्यवहारात एक रुपयाचे महसूल तिकीट त्यास पुरते. ठरावीक तारखेला देय असलेल्या चिठ्ठीचे शुल्क मात्र रकमेनुसार वाढत जाते; तेथे एका तिकिटावर भागत नाही. वचनचिठ्ठीचे शुल्क केंद्राच्या अधिकारात असल्याने रायपूर आणि नागपूर यांत त्याबाबत फरक नाही.

सही तिकिटावरून आडवी जाईल अशी घ्यावी. मुद्रांक अधिनियमाच्या कलम १२ नुसार तिकीट पुन्हा वापरता येणार नाही अशा रीतीने रद्द झालेले नसेल, तर ते लावलेच नाही असे धरले जाते. कागदाच्या कोपऱ्यात कोरे तिकीट आणि खाली दूर सही, असा कागद वरवर पाहता पूर्ण दिसतो, पण तो विनातिकीटच असतो.

‘किंवा आपल्या आदेशानुसार’ हे शब्दही सोडू नयेत. मुद्रांक अधिनियमाच्या व्याख्येनुसार, साक्षीदाराची सही असलेला आणि आदेशानुसार किंवा धारकास देय नसलेला पैसे देण्याचा लेख ‘बंधपत्र’ ठरतो आणि त्याला राज्याच्या दराने जादा शुल्क लागते. दोन साक्षीदार घेतले, आदेशाचे शब्द गाळले, आणि प्रतिपक्षाच्या वकिलाने हीच हरकत घेतली, असे प्रसंग न्यायालयांना नवे नाहीत. उलट ‘धारकास देय’ असेही लिहू नये. रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम ३१ ने खासगी व्यक्तीला तशी वचनचिठ्ठी काढण्यास मनाई केली आहे.

एवढी काळजी घेतल्यावर धनकोला जे मिळते, ते मोलाचे आहे. १८८१ च्या अधिनियमातील कलम ११८ नुसार, सही शाबीत झाली की मोबदला मिळालाच होता, असे न्यायालय गृहीत धरते. ओझे आता तरुणाच्या खांद्यावर जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मधील भारत बॅरल अँड ड्रम कंपनीच्या प्रकरणात याचे विवेचन केले आहे. नुसता ‘मला पैसे मिळालेच नाहीत’ असा नकार पुरेसा नाही. मोबदला मिळाला नसण्याचा संभव अधिक आहे, असे दाखविणारी परिस्थिती ऋणकोने पुढे आणली पाहिजे. तशी परिस्थिती त्याने आणली, की ओझे पुन्हा धनकोकडे येते. म्हणून हे गृहीतक म्हणजे अभेद्य भिंत नव्हे. ‘मावशींचे निवृत्तिवेतन पाहता त्यांच्याकडे एवढी रोख रक्कम होतीच कोठे?’ हा प्रश्न उलटतपासणीत हमखास येतो. रक्कम बँकेतून गेली असेल, तर खातेउताऱ्यातील एका नोंदीने त्याचे उत्तर मिळते.

वचनचिठ्ठीत व्याजाचा दर लिहायचा राहिला, तरी कलम ८० नुसार रक्कम देय झालेल्या तारखेपासून दरसाल १८ टक्के व्याज धरले जाते. लिहिलेला दर मात्र लिहिलेलाच राहतो; १२ लिहून १८ मागता येत नाही.

तिसरा कागद : कर्ज करारनामा

वचनचिठ्ठीची मर्यादा तिच्या साधेपणातच आहे. तीन लाख रुपये तीस हप्त्यांत फेडायचे आहेत, हप्ता चुकला तर काय, तरुणाचे वडील जामीन राहतील काय, असे प्रश्न त्या चार ओळींत मावत नाहीत. त्यासाठी दोन्ही पक्षांच्या सह्यांचा करारनामा लागतो.

यातील तीन कलमे धनकोच्या दृष्टीने प्राण आहेत. पहिले, रक्कम कशी दिली याचा उल्लेख : बँकेचे नाव, तारीख व व्यवहार क्रमांक. करारनाम्याला कलम ११८ चे गृहीतक लागू होत नाही. पैसे दिले हे सिद्ध करणे धनकोकडेच राहते, म्हणून ही नोंद अनिवार्य समजावी. दुसरे, थकबाकीचे कलम : ‘लागोपाठ दोन हप्ते चुकल्यास उर्वरित संपूर्ण रक्कम तात्काळ देय होईल.’ हे कलम नसेल, तर धनकोला बहुधा चुकलेल्या हप्त्यापुरताच दावा करता येतो आणि बाकीच्या हप्त्यांची वाट पाहावी लागते. तिसरे, जामीनदाराची सही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. विरुद्ध ठरले नसेल तर आधी ऋणकोवर कारवाई करण्याचे बंधन धनकोवर नाही. तरुण नागपूरला गेला, तरी त्याचे वडील रायपुरातच आहेत, याचा उपयोग येथे होतो.

करारनाम्याचे मुद्रांक शुल्क राज्य ठरविते, म्हणून ते रायपूरच्या नोंदणी कार्यालयात विचारून मगच कागद घ्यावा. शुल्क कमी पडले तरी कागद मरत नाही. कमी पडलेले शुल्क आणि त्याच्या कित्येक पट होऊ शकणारा दंड भरून तो पुराव्यात घेता येतो. स्थावर मालमत्ता गहाण ठेवायची असेल, तर मात्र साध्या करारनाम्यावर भागत नाही. साधे गहाणखत नोंदवावेच लागते. नोटरीचा शिक्का सही कोणाची व कोणत्या दिवशीची, एवढेच सांगतो. पैसे दिले गेले याची तो ग्वाही देत नाही.

रायपूरच्या दिवाणी न्यायालयाचे कामकाज मुख्यत्वे हिंदीत चालते. मराठी कागद अवैध नसतो, पण त्याचे भाषांतर सादर करावे लागते आणि एकेका शब्दावर वाद उभा राहू शकतो. दोन्ही पक्षांना हिंदी येत असेल, तर कागद हिंदीतच करणे सोयीचे.

तीन वर्षांचे घड्याळ

कागद कितीही निर्दोष असला, तरी मुदत अधिनियम, १९६३ नुसार दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षे आहे. हे घड्याळ केव्हा सुरू होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मागणी होताच देय असलेल्या वचनचिठ्ठीत ते मागणीच्या दिवसापासून नव्हे, तर चिठ्ठीच्या तारखेपासून सुरू होते. मावशींची मुदत १० जून २०२७ रोजी संपते. त्यांनी २०२६ मध्ये मागणी केली म्हणून ती पुढे सरकत नाही. मागताच देय असलेल्या साध्या हातउसन्या रकमेलाही पैसे दिल्याच्या दिवसापासूनच मुदत मोजतात. करारनाम्यात मात्र हप्ता किंवा रक्कम ज्या दिवशी चुकली, तेथून मोजणी होते. दीर्घ मुदतीच्या कर्जाला करारनामा का हवा, याचे हेही एक कारण आहे.

मुदत वाढविण्याचा मार्ग सोपा आहे, पण तो मुदत संपण्यापूर्वीच वापरावा लागतो. कलम १८ नुसार ऋणकोने सहीनिशी देणे कबूल केले, की त्या दिवसापासून नवी ३ वर्षे मिळतात. तरुणाने २ मे २०२६ रोजी बाकी कबूल करून सही दिली, तर मुदत २ मे २०२९ पर्यंत जाते. काही रक्कम परत मिळाली तरी कलम १९ नुसार मुदत वाढते. मात्र त्या भरण्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीची असावी लागते. मोबाईलवरून आलेले ५,००० रुपये खात्यात दिसतात, पण त्यासोबत सहीची ओळ नसेल तर मुदतवाढीबद्दल वाद होऊ शकतो. म्हणून दरवर्षी एक बाकीपत्र सही करून घेण्याची सवय धनकोने ठेवावी.

दावा आणि रोखीचा प्रश्न

वचनचिठ्ठी किंवा निश्चित रकमेचा लेखी करार हाती असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा करता येतो. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत प्रतिवादीला हजेरी नोंदवावी लागते. पुढे निर्णयाचे समन्स निघाल्यावर बचावाची परवानगी १० दिवसांत मागावी लागते, आणि खरा बचाव दिसला तरच ती मिळते. त्रोटक पावतीवर हा मार्ग बहुधा मिळत नाही; साधा दावा चालवावा लागतो. चिठ्ठीवर ‘रायपूर येथे देय’ असे लिहिलेले असल्याने तरुण नागपूरला गेला तरी मावशींना रायपुरातच दावा लावता येतो.

२०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि त्याचा दंड घेणाऱ्यावर पडतो. रोखीने दिलेले कर्ज त्यामुळे आपोआप बुडते असे नाही; गोव्यातून आलेल्या एका धनादेश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. तरीही पुराव्याच्या दृष्टीने रोख रक्कम हीच धनकोची सर्वांत दुबळी बाजू ठरते. आणखी एक गोष्ट : अनेकांना नियमित व्याजाने पैसे देणे हा हातउसना व्यवहार राहत नाही. तो सावकारी धंदा ठरतो, आणि नोंदणीचे प्रमाणपत्र नसल्यास दावाच अडू शकतो.

निवड कशी करावी?

थोडी रक्कम, थोडा काळ आणि एकरकमी परतफेड असेल, तर बँकेमार्फत दिलेली रक्कम आणि तिकिटावर सही असलेली, मागणी होताच देय वचनचिठ्ठी धनकोला पुरेसे संरक्षण देते. कमी खर्चात मोबदल्याचे गृहीतक देणारा दुसरा साधा करार नाही. रक्कम मोठी, फेड हप्त्यांनी किंवा जामीनदार हवा असेल, तर करारनामाच श्रेष्ठ. त्यासोबत वचनचिठ्ठीही घेतली, तर ती त्याच कर्जाच्या तारणापोटी आहे, असे करारनाम्यात लिहावे. नाहीतर एकाच देण्याची दोनदा वसुली चालली आहे, असा आरोप ऋणको करू शकतो. नुसती पावती ही पैसे परत मिळाल्यावर ऋणकोला देण्याची वस्तू आहे. पैसे देताना धनकोने तिच्यावर विसंबू नये.

मावशींच्या उदाहरणात तीस हप्ते आणि वडिलांची जामीनकी हवी होती. म्हणून त्यांच्यासाठी योग्य कागद करारनामा हाच होता. तो करायला एक दिवस लागला असता. त्यांच्या हाती वचनचिठ्ठी असेल, तर १० जून २०२७ ही तारीख त्यांनी विसरता कामा नये. आणि केवळ पावती असेल, तर तरुणाकडून व्याजासह बाकी कबूल करणारे सहीचे पत्र, तो बोलतो आहे तोवरच, मिळवावे. प्रत्यक्ष कागद करण्यापूर्वी त्याचा मसुदा स्थानिक वकिलाच्या नजरेखालून घालणे इष्ट.